शिफारसपत्र द्यावे, पण कशाचे?



गळीत हंगाम आटोपला की शेतकी खात्यातली एखाद-दुसरी माणसे दुसरीकडे जातात आणि शिफारसपत्र मागायला येतात. सभासदही त्यांच्यासाठी शब्द टाकतात. मग 'प्रामाणिक व होतकरू, भावी आयुष्यास शुभेच्छा' असे दोन ओळींत उरकले जाते. आमच्या मते असल्या कागदाचा त्या पोरालाही उपयोग नाही आणि नव्या कारखान्यालाही नाही.

समजा, एक चिटबॉय नऊ हंगाम करून निघाला. कामाला वाघ. पण शेवटच्या हंगामात पाळी डावलून ओळखीच्याला आधी तोडणीची चिठ्ठी दिली, अशी त्याच्यावर तक्रार आली आणि चौकशी पुरी होण्याआधीच त्याने राजीनामा दिला.

ही तक्रार पत्रात घालू नये. सिद्ध न झालेल्या गोष्टीने त्याची नोकरी गेली तर तो बदनामीचा दावा लावू शकतो. 'खरं आहे ना, मग भ्यायचं कशाला?' असे पुष्कळजण म्हणतात. दिवाणी दाव्यात खरेपणा बचावाला येतो. पण फौजदारीत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, नुसते खरे असून भागत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे, मात्र सद्भावना म्हणजे नीट खातरजमा करून बोलणे. बांधावरची कुजबूज त्यात बसत नाही.

म्हणून 'कसलीही तक्रार नव्हती' असे लिहायचे का? तेही नाही. ते धडधडीत खोटे. त्यावर विसंबून नव्या कारखान्याने तोडणी कार्यक्रम त्याच्या हाती दिला, तर तिथल्या शेतकऱ्याचा ऊस फडात वाळेल. चिठ्ठीवाटपाबद्दल स्तुतीचा शब्दही नको. अर्धे झाकून केलेली स्तुतीसुद्धा फसवतेच.

मग माया दिसावी कुठे? आपण डोळ्यांनी पाहिले त्यात. आम्ही असे लिहू: "यांनी नऊ हंगाम ऊसनोंदीचे काम केले. लागणीची तारीख प्लॉटवर जाऊन लिहीत. लवकर पक्व होणारा कोसी ६७१ आणि मागाहून येणारा को ८६०३२ यांची नोंदीत सरमिसळ होऊ दिली नाही. २०१९ च्या पुरात बुडालेल्या प्लॉटांची यादी पाणी ओसरताच पायी फिरून केली. त्यांच्याबरोबर काम करताना आम्हाला समाधान वाटले." यातला शब्द न् शब्द नोंदवहीवरून दाखवता येतो. 'तुमच्याकडेही असेच करतील' ही हमी मात्र आपण देऊ नये.

आजारपण, रजेची कारणे, युनियन यांचा उल्लेख नको. पत्र नेमक्या कारखान्याच्या नावे असावे. कारखान्याच्या लेटरहेडवर देण्याआधी कामगार खात्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत त्याच्या फाईलला लावावी. नव्या कारखान्याचा फोन आलाच, तर पत्रातलेच सांगावे. वर्तणुकीचे विचारले तर कामगार खात्याकडे लेखी मागा म्हणावे. पत्र जपून लिहायचे आणि फोनवर सगळे ओकून मोकळे व्हायचे, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

गैरप्रकार चौकशीत शाबीत झाला असेल तर शिफारस करूच नये. पद आणि नोकरीच्या तारखा लिहिलेला सेवेचा दाखला द्यावा. मग शब्द टाकायला कोणीही येवो.