दोन लाख वर्षांचे वाक्य

गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीचा शोधनिबंध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सारांशातच २,०३,००० वर्षे हा आकडा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार म्हणून तरुण संशोधक या विषयावर लिंक्डइनसाठी लिहू लागले आहेत. त्यांचे मसुदे आमच्याकडे येतात, आणि त्यांत हा आकडा बऱ्याचदा असा उतरतो : ‘अशी घटना दोन लाख वर्षांतून एकदाच घडते.’

हे साफ चूक आहे. कृष्णविवरांची मीलने त्यानंतर कितीतरी वेळा टिपली गेली. मुळात हा आकडा घटनेचा नाहीच, तो उपकरणातल्या गोंगाटाचा आहे. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांची सोळा दिवसांची नोंद संशोधकांनी घेतली आणि एकीची नोंद दुसरीच्या तुलनेत पुढेमागे सरकवली. सरकवल्यावर खऱ्या लहरीची जुळणी शक्यच उरत नाही. जे जुळेल तो निव्वळ योगायोग. असे सुमारे एक कोटी वेळा केल्यावर सहा लाख वर्षांहून अधिक काळाचा गोंगाट तपासल्यासारखे झाले. शोध तीन गटांत विभागून घेतला होता, म्हणून त्या काळाला तिनाने भागले. एवढ्या खटाटोपातही त्या संकेताइतकी ठळक जुळणी एकदाही सापडली नाही.

हा सगळा परिच्छेद पोस्टमध्ये मावणार नाही, मावूही नये. मोबाइलवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. बँकेतला किंवा कारखान्यातला वाचक ज्या वाक्यावर थांबतो, तेच वाक्य तो आपल्या लोकांकडे पाठवतो. म्हणून आकडा ठेवायचा तर तो कशाचा आहे हे त्याच वाक्यात यायला हवे : ‘नुसत्या गोंगाटातून अशी जुळणी दोन लाख वर्षांत एकदाही होऊ नये, इतका हा संकेत ठळक होता.’ हे जमत नसेल तर आकडा खुशाल गाळावा. अर्धा आकडा देण्यापेक्षा ते बरे.

मग सुरुवात कशाने करावी? आम्ही असे लिहू : ‘१४ सप्टेंबर २०१५. एकमेकींपासून तीन हजार किलोमीटरवरच्या दोन वेधशाळांना सात मिलिसेकंदांच्या फरकाने एकच थरथर जाणवली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची ती लाट होती.’ यातला ‘सुमारे’ कुणी काढू नये. निबंधातली त्रुटीची मर्यादा धरली तर ते अंतर ७५ कोटी ते १९० कोटी प्रकाशवर्षे यांत कुठेही असू शकते, आणि पोस्टमध्ये ती सगळी अनिश्चितता या एका शब्दावर तोलली आहे.

उपमांबाबतही तेवढेच जपावे. ‘प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल’ हे वाक्य फार फिरते. पण ते उपकरण किती बारीक मोजू शकते याचे वर्णन आहे. त्या दिवशीची लहर ऐन भरात एकास दहाचा एकविसावा घात, एवढ्या प्रमाणात अंतर बदलवत होती. चार किलोमीटरच्या भुजेला ते लावले तर हालचाल प्रोटॉनच्या सुमारे चारशेव्या भागाइतकी येते. उपकरणाची क्षमता आणि घटनेचे माप एका वाक्यात कालवले की दोन्ही खोटी ठरतात.

हिंगोलीच्या वाचकाला मात्र या निबंधातली वेगळीच गोष्ट जवळची वाटेल. त्या सात मिलिसेकंदांवरून लाट कुठल्या बाजूने आली याचा अंदाज बांधता येतो, पण दोनच वेधशाळा असल्या तर तो फार ढोबळ राहतो. त्या वेळी संशयित आकाश सुमारे ६०० चौरस अंश होते, म्हणजे जवळजवळ तीन हजार पूर्णचंद्र मावतील एवढे. ऑगस्ट २०१७मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन टिपले गेले तेव्हा इटलीतली व्हर्गो ही वेधशाळा जोडीला होती. ते क्षेत्र २८ चौरस अंशांवर, साधारण एकशे चाळीस चंद्रांवर आले, आणि काही तासांतच दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली. अमेरिका आणि युरोप यांपासून दूर आणखी एक कान का हवा, हे चंद्रांच्या या दोन आकड्यांतून कुणालाही कळते. दुधाळ्याच्या माळाचे महत्त्व सांगायला तेवढे पुरेसे आहे.

अशा पोस्टच्या शेवटी एक ओळ जरूर असावी : केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी या प्रकल्पासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले, वेधशाळेला पहिली लाट टिपायला अजून अवकाश आहे. ती नसली तर औंढ्यातला एखादा पालक ती पोस्ट वाचून मुलांना घेऊन उद्याच वेधशाळा पाहायला निघेल.