दादीचं अंथरूण आणि पाचगणीचा पाऊस

पाचगणीच्या जुलैतल्या पावसात गोधडी दिवसेंदिवस वाळत नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या दादीखाली आम्ही गोधडीवर मेणकापड आणि वर सुती चादरीची घडी घालतो. धुवायची फक्त घडी.

हातमोजे घालून घाण आधी संडासात टाकावी. चादर थंड पाण्यात खळबळावी. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर डाग पक्का होतो. मग बादलीभर पाण्यात कपभर पांढरा सिरका घालून अर्धा तास भिजवावी, साबणाने धुवावी आणि वाहत्या पाण्याने पाक करावी. लघवीच्या किंवा सिरक्याच्या कपड्यावर ब्लीच ओतू नये. विषारी वायू निघतो.

चादर पंख्याखाली वाळवून इस्त्री करावी. गरम इस्त्रीखाली वास आला, तर लघवी अजून धाग्यात आहे. चादर पुन्हा भिजवावी.