धुराड्यावरचा आकडा: काय मोजलेले, काय काढलेले

कारखान्याच्या धुराड्यावर बसवलेल्या सतत मापन यंत्रणेबद्दल दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत कारखान्याच्या बाजूचे असते: फलकावरचे आकडे मर्यादेच्या आत आहेत, तेव्हा धुराडे स्वच्छ आहे. दुसरे मत शेजारच्या वस्तीचे असते: लोट तर डोळ्यांना दिसतो आहे, तेव्हा आकडे खोटे आहेत. आकडा म्हणजे थेट मोजलेली वस्तू, असे दोन्ही पक्ष धरून चालतात आणि दोघांचीही चूक तिथेच होते. फलकावरचा आकडा बहुधा तीन-चार वेगळ्या मोजमापांतून हिशेब करून काढलेला असतो. त्यातले एक मोजमाप चुकले तरी आकडा तितक्याच आत्मविश्वासाने झळकत राहतो.

पुण्याजवळच्या दिघीच्या टेकडीवरून पाहणाऱ्याला एका बाजूस भोसरीचे औद्योगिक क्षेत्र आणि त्यापलीकडे मोशीचा परिसर लागतो. मोशीच्या कचरा डेपोवर पिंपरी-चिंचवड महापालिकेचा कचऱ्यापासून वीज करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प आहे. त्याचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. या पट्ट्यातल्या बहुतेक चिमण्या ऑनलाइन मापनाच्या मूळ सक्तीत येतच नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये आदेश काढला तो साखर, सिमेंट, औष्णिक वीज, औषधे अशा सतरा अतिप्रदूषक वर्गांसाठी आणि सामाईक कचरा-सांडपाणी प्रकल्पांसाठी. वाहनांचे सुटे भाग घडवणारी भोसरी-चाकणची छोटी वर्कशॉप त्या यादीत नाहीत. त्यामुळे इथे या विषयाचा विचार करायचा तर कचरा जाळणाऱ्या धुराड्याच्या अंगाने करणे योग्य. अशा धुराड्यासाठी २०१६च्या घनकचरा नियमांनी मर्यादा ठरवल्या. धूळ घनमीटरला ५० मिलिग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या तासाच्या सरासरीत १०० मिलिग्रॅम, या त्यांपैकी दोन. दोन्ही कोरड्या वायूत आणि ११ टक्के ऑक्सिजनवर आणून मोजायच्या. ही शेवटची अट कोणत्याही फलकावर ठळक दिसत नाही, पण सगळा वाद तिथूनच निघतो.

आधी ओपॅसिटी मीटर. धुराड्याच्या एका भिंतीवर दिवा आणि संवेदक असतो, समोरच्या भिंतीवर परावर्तक. प्रकाश धूर ओलांडून जातो, परत येतो आणि त्यातला किती हरवला एवढेच यंत्र नोंदवते. शंभरातले वीस भाग हरवले तर अपारदर्शकता २० टक्के. धुळीचे वजन या यंत्राला कळत नाही. दोन मीटर रुंदीच्या चिमणीत २० टक्के दाखवणारा धूर चार मीटर रुंदीच्या चिमणीत ३६ टक्के दाखवेल, कारण पहिल्या दोन मीटरमध्ये उरलेल्या ८० भागांतला पुन्हा पाचवा हिस्सा पुढच्या दोन मीटरमध्ये जातो. धूळ तीच, आकडा जवळजवळ दुप्पट.

कणांच्या आकाराचा परिणाम याहून मोठा आहे. अर्ध्या मायक्रॉनचे काजळीचे कण आणि दहा मायक्रॉनची जाड राख सारख्या वजनाने घेतली, तर बारीक कण ढोबळमानाने वीसपट प्रकाश अडवतात. म्हणून अर्धवट ज्वलनाची काजळी वजनाने थोडी असूनही ओपॅसिटी मीटरला घाबरवते; उलट बॅग फिल्टरची पिशवी फाटून जाड राख निसटू लागली, की वजन झपाट्याने वाढते आणि यंत्र तेवढी दखल घेत नाही. फलकावर ओपॅसिटीऐवजी मिलिग्रॅम छापलेले असतील तर मधे एक गुणक आहे हे ओळखावे. तो गुणक प्रत्यक्ष नमुना घेऊन ठरवतात. वायूच्या वेगाशी जुळणाऱ्या वेगाने नळीतून वायू ओढायचा, कागदी गाळणीवर धूळ धरायची, वजन करायचे आणि त्याच वेळी यंत्राने काय दाखवले ते शेजारी लिहायचे. भट्टी कमी-अधिक भाराने चालवून हे पुन्हा पुन्हा करावे लागते. एकाच दिवशी, एकाच भारावर ठरवलेला गुणक त्या दिवसापुरता असतो. कोरडा कचरा जाऊन पावसाळ्यातला ओला कचरा भट्टीत आला की कणही बदलतात.

वस्तीच्या तक्रारीचे उत्तरही याच यंत्रात आहे. हिवाळ्यात सकाळी धुराड्यातून निघणारा पांढरा शुभ्र लोट पुष्कळदा पाण्याचा असतो. कचऱ्यात ओल भरपूर, त्यामुळे धुरात वाफही भरपूर. धुराड्याच्या आत, उष्णतेत, ती वाफ पूर्ण पारदर्शक असते आणि ओपॅसिटी मीटरला दिसतही नाही. बाहेरच्या थंड हवेत तिचे थेंब होतात आणि लोट पांढरा दिसतो. तोंडापासून थोड्या अंतरावर सुरू होऊन काही अंतरावर विरून जाणारा लोट वाफेचा समजावा. वाफ विरल्यावरही मागे करडी किंवा पिवळसर रेघ उरली, तर ती धुळीची किंवा काजळीची असण्याचा संभव मोठा. डोळा आणि यंत्र इथे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. दोघे वेगळ्या जागी पाहतात. धुराड्यात वायू धुऊन सोडणारा ओला स्क्रबर असेल तर मात्र थेंब आतच तयार होतात. तिथे प्रकाशाने धूळ मोजण्यात अर्थ उरत नाही, दुसऱ्या तत्त्वाचे यंत्र लागते.

गॅस अॅनालायझरचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण त्याच्या चुका दिसत नाहीत. धुराड्यातल्या प्रोबमधून वायू ओढला जातो आणि तापवलेल्या नळीतून खाली आणला जातो. वाटेत नळी थंड पडली तर पाणी जमते आणि सल्फर डायऑक्साइडचा काही भाग त्यात विरघळतो. पुढे चिलरमध्ये वायू चार अंशांच्या आसपास थंड करून कोरडा केला जातो आणि अॅनालायझरच्या कक्षात जातो. तिथे अवरक्त प्रकाश किती शोषला गेला यावरून कार्बन मोनॉक्साइड किंवा सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत कळतो. यंत्राचे काम इथे संपते. पुढचे सगळे गणित.

ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येते. समजा अॅनालायझरने कार्बन मोनॉक्साइड ५२ पीपीएम आणि ऑक्सिजन १५ टक्के दाखवला. भारतात घनमीटर २५ अंश तापमानाला धरतात, म्हणून ५२ ला १.१४५ ने गुणायचे: सुमारे ६० मिलिग्रॅम. (युरोपीय यंत्र शून्य अंशाच्या हिशेबाने आलेले असेल आणि कोणी बदलले नसेल, तर तोच वायू ६५ मिलिग्रॅम होतो.) ६० हा आकडा मर्यादेच्या खूप खाली वाटतो. पण १५ टक्के ऑक्सिजन म्हणजे धुरात जास्तीची हवा मिसळलेली आहे. ती वजा करण्यासाठी सूत्र असे:

C × (20.9 − 11) / (20.9 − O₂)

इथे ६० ला ९.९ ने गुणून ५.९ ने भागायचे. उत्तर १००, म्हणजे नेमकी मर्यादेची रेघ.

आता सॅम्पल नळीचा एक जोड सैल झाला आणि ओढलेल्या वायूत पाचवा हिस्सा बाहेरची हवा शिरली, असे धरू. कार्बन मोनॉक्साइड ५२ वरून ४२ पीपीएमवर उतरेल, ऑक्सिजन १६.२ वर चढेल. दोन्ही एकाच नळीतल्या वायूत मोजले असतील तर सूत्र गळती आपोआप भरून काढते: उत्तर पुन्हा १००. परंतु ऑक्सिजन मोजणारा झिर्कोनिया प्रोब थेट धुराड्यात वेगळा बसवलेला असेल, तर तो १५ टक्केच सांगत राहील आणि फलकावर ८० येईल. त्यात भर म्हणजे धुराड्यातला प्रोब ओल्या वायूत मोजतो. वायूत १५ टक्के वाफ असेल तर कोरड्या हिशेबाचा १५ टक्के ऑक्सिजन त्याला १२.७५ दिसतो. हा फरक कोणी सुधारला नाही तर गळती नसतानाही १०० चे ७२ होतात, आणि गळतीसह ५८. यासाठी कोणी आकड्यांशी खेळण्याची गरज नाही; एक सैल जोड आणि एक विसरलेली दुरुस्ती पुरते.

या दोन यंत्रांच्या चुका उलट दिशेने जातात, हे आकड्यांची भांडणे ऐकताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ओपॅसिटी मीटरची काच धुळीने भरली, काच साफ ठेवणारा हवेचा पंखा बंद पडला किंवा आरसा सरकला, तर धूर असल्याहून जास्त दिसतो. म्हणून कारखान्याला तो दोष चटकन सापडतो. गॅस अॅनालायझरचे जोड, पंप, थंड पडलेली नळी हे दोष बहुधा आकडा खाली ओढतात. त्यांच्याबद्दल तक्रार करणारा कोणी नसतो. ओपॅसिटी मीटरला खाली आणणारी मुख्य चूक माणसाच्या हातून होते: धूर चालू असताना किंवा काच मळलेली असताना शून्य ठरवणे. मग मूळचा मळ कायमचा वजा होत राहतो.

म्हणून ऑनलाइन मापन फेकून द्यावे आणि जुन्या पद्धतीने वर्षातून काही वेळा नमुना घ्यावा, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मान्य करता येत नाही. हाताने घेतलेला नमुना वजनाच्या बाबतीत खरा, पण तो तासाभराचा आणि बहुतेकदा पूर्वसूचनेने घेतलेला. भट्टी थंडीतून पेटवतानाची काजळी किंवा रात्रीचा बिघाड त्यात येत नाही. सतत चालणाऱ्या यंत्राची खरी कमाई एकेका आकड्यात नसून रेषेच्या आकारात आहे. पंधरा मिनिटांच्या सरासऱ्यांची रेषा भट्टीचा भार, तापमान आणि ऑक्सिजन यांच्यासोबत हलली पाहिजे. भार बदलला तरी कार्बन मोनॉक्साइडची रेषा सपाट राहिली तर अॅनालायझर गोठलेला आहे. रेषा एका ठरावीक उंचीला टेकून कापल्यासारखी दिसली तर यंत्राची कक्षा कमी ठेवलेली आहे. भट्टी बंद असतानाही ऑक्सिजन २०.९ च्या जवळ गेला नाही, तर तो ऑक्सिजन त्या धुराड्यातला नव्हे. भट्टी चालू असताना तो २०.९ च्या दिशेने सरकत असेल तर नळी हवा ओढते आहे.

असे मापन नीट बांधले तर कामाचे ठरते, याचा पुरावा सुरतेत आहे. तिथे २०१९ पासून कापड प्रक्रियेच्या कारखान्यांच्या धुळीचा परवाना-बाजार चालला आणि तो अशाच यंत्रांच्या नोंदींवर उभा होता. नोंद गहाळ झाली तर त्या वेळेसाठी चढा आकडा धरण्याचा नियम तिथे होता. त्यामुळे यंत्र बंद ठेवण्यात फायदा उरला नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कारखान्यांना तारे देणारी योजना सुरू केली, पण तिचा आधार हाताने घेतलेल्या नमुन्यांचा होता.

मोशीसारख्या धुराड्यासाठी यातून निघणारी मागणी मोजकी आहे. फलकावर फक्त सुधारलेले मिलिग्रॅम न दाखवता न सुधारलेले पीपीएम, ऑक्सिजन, वाफेचे प्रमाण आणि धुराचे तापमान शेजारी द्यावे. शेवटचे कॅलिब्रेशन केव्हा झाले आणि धुळीचा गुणक कोणत्या भारावर ठरला हे लिहावे. यंत्र बंद होते तो काळ कोरा न सोडता बंद म्हणून नोंदवावा. इतके मिळाले तर वर केलेला हिशेब शेजारच्या वस्तीतला कोणीही कागदावर पडताळू शकतो. डायॉक्सिन मात्र या फलकावर येणार नाही. त्याची मर्यादा नॅनोग्रॅमच्या दहाव्या भागाची आहे आणि नमुना सहा ते आठ तास ओढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. त्याच्याबाबतीत रोजचा अंदाज कार्बन मोनॉक्साइड आणि भट्टीचे तापमान यांवरूनच बांधावा लागतो, आणि म्हणूनच कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ७२ की १०० हा प्रश्न केवळ त्या एका वायूपुरता राहत नाही.