कर्जाची भीती आणि बहिणीची सही

अब्बांचा चाळिसावा होत नाही तोच भाऊ कागद पुढे करतो. "अब्बांवर कर्ज आहे. इथे सही कर, म्हणजे तुझ्या अंगावर काही येणार नाही." कागदाचे नाव असते हक्कसोडपत्र. बहीण घाबरून सही करते. हे वाक्य खोटे आहे आणि आपण सगळे ते निमूटपणे ऐकून घेतो.

मुस्लिम कायद्यात माणूस गेला की त्याच क्षणी वारसा वारसांचा होतो, त्यासाठी कोणाच्या होकाराची गरज नसते. पण आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंतची वसियत आणि उरेल ते वारसांना, हा क्रम ठरलेला आहे. वारस आपल्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरताच कर्जाला बांधील असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 50 आणि 52 तेच सांगतात. जर्मनीत वारसाच्या स्वतःच्या मालमत्तेवरही कर्ज येऊ शकते, म्हणून तिथे साधारण सहा आठवड्यांत न्यायालयात नकार नोंदवता येतो. आपल्याकडे ती वेळच येत नाही.

हिशेब करून पाहा. घर 24 लाखांचे, कर्ज 8 लाख. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. सुन्नी हनफी वाटणीने उरलेल्या 16 लाखांतले 2 लाख पत्नीचे, प्रत्येक मुलाचे 5 लाख 60 हजार आणि मुलीचे 2 लाख 80 हजार. सहीने ती कर्जातून सुटत नाही, कारण कर्ज तिच्या अंगावर नव्हतेच. ती फक्त हे 2 लाख 80 हजार भावाला देऊन टाकते. आणि कर्ज 30 लाख असते तर? घर विकून 24 लाख फिटतील. उरलेले 6 लाख कोणीही खिशातून भरायचे नाहीत.

अपवाद दोनच लक्षात ठेवा. तुम्ही त्या कर्जाला जामीन किंवा सहकर्जदार असाल तर जबाबदारी तुमची स्वतःची. आणि मयताचे पैसे काढून खर्च केले, हिशेब देता आला नाही, तर तेवढ्यापुरते तुम्ही अडकता. म्हणून वसुलीवाला आला की कसल्याही नव्या हमीपत्रावर सही करू नका. मयताची कोणती मालमत्ता हाती आली आणि कोणती नाही, हे लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. दावा झालाच तर हेच लेखी कैफियतीत मांडा.

ज्या बहिणीला खरोखर वाटा नको असेल, तिने अब्बांच्या पश्चात, हिशेब पाहून, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून सोडावा. अब्बा हयात असताना नुसता लिहून घेतलेला त्याग कायद्यात टिकत नाही. अब्बांचे उरलेले कर्ज मुलांनी स्वखुशीने फेडले तर ती नेकी आहे. पण बहिणीला घाबरवून तिचा हिस्सा घेणे ही नेकी नाही, ती लूट आहे. कागद पुढे आला की आधी एकच विचारा: हिशेब कुठे आहे?