झोप आली तर गाडी थांबवा, पण कुठे?

समृद्धीवर चढताना ड्रायव्हरला कुणी ना कुणी साहेब गाठतो आणि समजावतो: दादा, झोप आली तर गाडी थांबवा. ऐकायला बरे वाटते. पुढे गेल्यावर मात्र कडेला कुठेही थांबायला मनाई आहे. शेकडो किलोमीटरचा बंदिस्त रस्ता, उतरायला ठरावीक फाटे, आणि मधल्या अंतरात डोळा लागला तर तो दोष ड्रायव्हरचा. मी बरीच वर्षे गाडी मारली, आता आष्टीत टायरचे काम करतो. हवा भरता भरता या लोकांशी बोलणे होते, म्हणून सांगतो की हा उपदेश करणाऱ्यांना ड्रायव्हरची झोप कुठे जाते ते ठाऊकच नाही. ती रस्त्यावर जात नाही. गाडी सुरू होण्याआधीच, माल भरताना, ती खाल्लेली असते.

आमच्या परतूर तालुक्यातली मोसंबीची गाडीच बघा. बागेत तोडणी सकाळी लागते. गाडी दहाच्या आत बागेत हवी, म्हणून ड्रायव्हर पाचला उठलेला असतो. सोयीसाठी सहा धरा. मग दिवसभर भरणी. हमाल तासभर येतात, दोन तास गायब होतात. ड्रायव्हरने केबिनमध्ये आडवे व्हावे तर मागे क्रेट आदळतात आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी पत्रा बडवतो, ‘उस्ताद, जरा पुढे घ्या.’ ताडपत्री आणि दोर आवळायलाही तोच. साडेसातला गाडी आष्टी सोडते. परतूर, वाटूर करत जालन्याच्या फाट्यावर समृद्धीला लागेपर्यंत दहा. माल पहाटे पाचला वाशीच्या बाजारात हवा, कारण लिलाव लवकर लागतो आणि उशिरा आलेल्या मालाचा भाव पडतो. भाव पडला की अडत्या मालकाला बोलतो, मालक ड्रायव्हरचे भाडे कापतो.

आता हिशोब करा. सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सलग सतरा तास जागा असतो. त्या वेळी गाडी छत्रपती संभाजीनगरच्या आसपास असते, अजून तीनशे किलोमीटर बाकी. सतरा तास जागरणाचा परिणाम दारूशी ताडून पाहणारा एक अभ्यास 1997 साली ऑस्ट्रेलियात झाला. इतक्या जागरणानंतर माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असे त्यात दिसले. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंब न शिवलेला, माळकरी ड्रायव्हरसुद्धा संभाजीनगरला मर्यादेच्या वर. फुंकणीच्या यंत्रात त्याने फुंकले तर शून्य येईल आणि हवालदार म्हणेल, जा.

पुढे तो कोपरगाव-शिर्डीकडे सव्वाबाराला आणि इगतपुरीला अडीचला पोचतो. दोन ते सहा ही वेळ माणसाच्या अंगातल्या घड्याळाची सर्वांत खालची. बोगदे, वळणे आणि घाटउतार त्याच वेळी वाट्याला येतात. ताशी 80 म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. चार सेकंद पापणी मिटली की जवळजवळ नव्वद मीटर गाडी मोकळी धावली, आणि चालवणाऱ्याला आपण झोपलो होतो हेसुद्धा कळत नाही. ज्याला मागचा फाट्याचा बोर्ड आठवत नाही, ज्याच्या चाकाखाली कडेच्या पट्ट्या खडखडतात, ज्याची मान एकदा झुकली, तो झोपी गेलेलाच आहे. खिडकी उघडणे, गाणी मोठी लावणे, तंबाखू मळणे याने पाच-दहा मिनिटे निघतात. जागरणाची गोळी खाणाऱ्यांचे तर वेगळेच. गोळीचा जोर उतरला की दाबून ठेवलेली झोप एकदम अंगावर येते आणि ती वेळ कोणी सांगू शकत नाही.

मग थांबतो कुठे तो? 15 ऑक्टोबर 2023 ची रात्र आठवा. वैजापूरजवळ समृद्धीवर सैलानीहून नाशिकला निघालेली भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर मागून आदळली. बारा माणसे गेली. रस्त्यावर तो ट्रक परिवहन खात्याच्या पथकाने थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. मला त्यातून एवढेच दिसते की वेगवान रस्त्यावर मध्यरात्री उभा असलेला ट्रक म्हणजे मृत्यूचा सापळा, मग तो कुणाच्याही सांगण्यावरून उभा असो. ड्रायव्हर कडेला गाडी लावून झोपला तर मागून येणाऱ्या झोपाळू ड्रायव्हरला त्याचे मागचे दिवे दिसतात, पण ते चालणाऱ्या गाडीचे की उभ्या गाडीचे हे शेवटच्या काही सेकंदांतच कळते. कडेची लेन ही झोपायची जागा नाही, आणि पुरेशी दुसरी जागा रस्त्याने दिलेली नाही. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा फीत कापायला मंडप होता. ट्रक लावून हातपाय पसरायला ओटा नव्हता. आधी रस्ता, मग पंप, आणि माणूस जमलेच तर.

जुन्या रस्त्यावर ढाबा असतो. त्याची खाट मिळते, पण जेवलात तर. तिथे एक डोळा डिझेलच्या टाकीवर आणि दुसरा ताडपत्रीच्या दोरावर ठेवून झोपावे लागते. दोनदा दचकून उठलेल्याची झोप झोपेत धरू नका. थांबायला जागा निवडायची तर पंपाच्या आतली, दिव्याखालची, रखवालदार असलेली, आणि रस्त्यापासून इतकी आत की निघताना उलटी गाडी मुख्य रस्त्यावर काढावी लागणार नाही. दिवे डोळ्यांवर येतात म्हणून ड्रायव्हर काळोखी कोपरा शोधतात, तिथेच चोरी होते. फडके डोळ्यांवर बांधा, गाडी उजेडात ठेवा.

केबिनला वातानुकूलन सक्तीचे केले म्हणून सरकार छाती फुगवते. 2025 पासूनच्या नव्या मोठ्या गाड्यांत ते येते, चांगलेच आहे, चालवताना घाम कमी येईल. पण इंजिन बंद केले की तेही बंद. रात्रभर इंजिन चालू ठेवले तर डिझेलचा हिशोब मालक मागतो. दुपारी चारला वाशीच्या कडेला तापलेल्या पत्र्यात झोपणाऱ्याला नवा नियम काडीचाही उपयोगी नाही, आणि रस्त्यावर आज जुन्याच गाड्या जास्त.

मोसंबीची हीच गाडी शहाणपणाने कशी जाईल, ते सांगतो, खर्चाची बाब फार नाही. दुपारी एकला ड्रायव्हर बागेतून बाजूला निघतो. गाडी पुढे-मागे घेण्याचे काम गाडी चालवायचा परवाना असलेला दुसरा माणूस पाहतो, नाहीतर गाडी एकदाच नीट लावून घेतात. ड्रायव्हर पंखा असलेल्या खोलीत पाचपर्यंत झोपतो. जेवणानंतरची पेंग असतेच, दुपारी झोप सहज लागते. उठून अर्धा तास तो कुठलेही जोखमीचे काम करत नाही, कारण गाढ झोपेतून उठलेला माणूस पंधरा-वीस मिनिटे, कधी अर्धा तास, अर्धाच असतो. गाडी सातला निघते. सव्वाबाराऐवजी पावणेबाराला तो शिर्डीच्या फाट्याने उतरून पंपावर लागतो. आधी चहा, मग वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी. चहातला अंमल चढायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून उठतो तेव्हा चहा कामाला लागलेला असतो. दुधाळ ढाब्याच्या चहात फारसा जोर नसतो, म्हणून जरा कडक सांगा. वीसचे चाळीस होऊ देऊ नका. मध्येच उठलात तर जडपणा जास्त येतो, त्यापेक्षा पुरते दीड तास झोपा. चेहरा धुऊन पंधरा मिनिटे टायर बघत गाडीभोवती फिरा, मग चाक. सगळे मिळून चाळीस मिनिटे गेली, पाचच्या आधी गाडी वाशीला. माझ्या हिशोबात दोन माणसांना त्रास झाला: बागवाल्याला एक खोली उघडावी लागली आणि हमालांच्या ठेकेदाराला साडेसहाच्या आत भरणी संपवावी लागली.

कायदा? 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास ठरवले, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली, रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी असेही लिहिले. पण तो लागू झाला पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आमच्याकडे दोन गाड्यांचा मालक म्हणजे मोठी असामी, आणि तीनशे गाड्या चालवणारा हुंडेकरी कागदावर एकाही गाडीचा मालक नसतो. मोठ्यांचे तास कागदावर बसतात, लहानांचे कुणीच मोजत नाही. आणि भरणीचे तास तर कुणाच्याच कागदात नाहीत. बिल्टीवर मालाचे वजन, नग, भाडे सगळे लिहिलेले असते. ड्रायव्हर किती वाजता बागेत आला ते लिहा म्हटले की सगळ्यांची दातखीळ बसते.

आता स्वतःला पांढरपेशे समजणाऱ्यांकडे येतो. भाड्याची गाडी करून देवाला जाणारे आपण. शेगाव-पंढरपूरचा रस्ता आष्टीवरून जातो, त्यामुळे हा तमाशा मला रोज दिसतो. दिवसा गाडी केली तर लॉजचा खर्च वाचत नाही, म्हणून ‘रात्रीतून जाऊ, काकड्याला पोचू’. काकड्याला पोचण्यासाठी ड्रायव्हरने रात्रभर जागायचे, ज्याने कालही कुणाला नांदेडला सोडले होते. दर्शन होते, आपण खोलीत पडतो, आणि सारथी मागच्या सीटवर, काचा लावून, इंजिन सुरू ठेवून गारवा घेत. उभ्या गाडीत हा प्रकार जीवघेणा आहे. सायलेन्सर किंवा मागचा पत्रा कुठे गळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखायला लागले तर उठायचे भान बहुतेकांना राहत नाही. बंद गॅरेजमध्ये, भिंतीला टेकवून तर कधीच नाही. इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे खाली, जाळीचे फडके, सीट मागे, मान आधाराला. नाही जमत असले तर त्याला खोली द्या.

लॉजवाल्याकडे चौकशी करताना ‘ड्रायव्हरसाठी किती घेता?’ हा प्रश्न विचारल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. कुत्र्याला आत घेता येईल का, असे विचारणारा एक माणूस मात्र भेटला. एका कुटुंबाला मी म्हटले, दोन तास झोपू द्या त्यांना, मग निघा. म्हातारेबुवा म्हणाले, ‘अहो, पैसे दिलेत, तो काय फुकट आलाय का?’ मी म्हटले, तुम्ही भाडे गाडीचे दिलेत. त्याच्या जागरणाचा दर तुम्ही त्याला विचारला का? त्यांनी नातीला बूट घालायला सांगितले आणि गाडी निघाली. गाडीचा नंबर मी पाहून ठेवला नाही, उगाच दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधत बसलो असतो.