काळ्या पिशवीतली लाज

औषधाच्या दुकानात पॅडचं पाकीट मागितलं, की दुकानदार ते न विचारता कागदात गुंडाळतो आणि वर काळी पिशवी चढवतो. घेणारी मान खाली घालून निघते. वापरून झालेलं पॅड पुन्हा त्याच काळ्या पिशवीत जातं, आणि दिवेलागणीनंतर ती पिशवी ओढ्यात, पडक्या विहिरीत, बांधावरच्या बाभळीखाली किंवा संडासाच्या भांड्यात पडते. वाशी तालुक्यात हे घडतं, तसंच साऱ्या महाराष्ट्रात घडतं. पण वाशी बालाघाटाच्या माथ्यावर आहे, तेरणा नदी इथल्याच तेरखेड्याच्या परिसरात उगम पावते. माथ्यावरच्या ओढ्यात टाकलेलं पावसाळ्यात खालच्या गावाच्या बंधाऱ्यात जातं. ते टाकणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. टाकायला दुसरी जागाच ज्यांनी ठेवली नाही, त्या आपल्या साऱ्यांना देतो.

पाकीट घरापर्यंत पोचवायचं काम सरकारने हाती घेतलं होतं. 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना सुरू झाली, बचत गटांमार्फत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट 5 रुपयांत मिळू लागलं. चांगलंच झालं. पण त्या आठांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न किती गावांच्या ग्रामसभेत निघाला? पुरुषांनी काढला नाही, कारण तो बायकांचा. बायकांनी काढला नाही, कारण काढला तर त्यांनाच नावं ठेवली जातात. मराठीत शरीराविषयी उघड बोलायला र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि आजही आपण पोरीला ‘कावळा शिवला’ एवढंच सांगून गप्प बसतो.

या गप्प बसण्याची किंमत पाण्यात मोजता येते. पॅडमधलं रक्त धुऊन काढल्याशिवाय ते टाकू नये, अशी ताकीद अनेक घरांत आई मुलीला देते. त्यावर साप फिरला तर कूस उजवत नाही, कुणाच्या हाती लागलं तर करणी होते, ही भीती त्यामागे. यात तसूभरही तथ्य नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात ती मुलगी पहाटे चोरून अर्धी बादली पाणी त्यावर ओतते, तरी ते स्वच्छ होत नाही. बाजारातल्या बहुतेक पॅडच्या पोटात लगदा असतो आणि पाणी धरून ठेवणारी बारीक पूड असते. पाणी लागलं की ती पूड फुगून जेली होते, पॅड कितीतरी जड होतं आणि रक्ताचं पाणी मोरीतून अंगणात येतं. म्हणून पॅड धुवायचं नाही. रक्ताची बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळी करायची, नव्या पॅडच्या वेष्टनात किंवा जुन्या वर्तमानपत्रात बांधायची, आणि झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाकायची. हात मात्र साबणाने धुवायचेच. त्याला तांब्याभर पाणी पुरतं.

त्या गुंडाळीवर लाल ठिपका काढायचा. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायकांनी ही मागणी लावून धरली, कारण नागरिकांनी ओल्या कचऱ्यात दडवलेली पॅड त्यांना उघड्या हातांनी वेगळी करावी लागत होती. 2013 साली त्यांनी वापरलेली पॅड पोत्यांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. 2016 च्या घनकचरा नियमांनी टाकण्यासाठीचं वेष्टन कंपन्यांनी पुरवावं, असं सांगितलं आणि वापरणाऱ्यांनीही पॅड नीट बांधून सुक्या कचऱ्यात द्यावं, असं लिहिलं. वाशी गावात नगरपंचायत आहे. तिच्या घंटागाडीत लाल ठिपक्याच्या पुड्यांसाठी वेगळी झाकणाची बादली अडकवायला कुठला शासन निर्णय लागतो? आज ती पुडी कुणाच्या हातात जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ज्याला विटाळ म्हणून शिवत नाही, ते शिवायला आपण ठरावीक जातीची माणसं नेमून ठेवली आहेत. बाईचा विटाळ आणि जातीची अस्पृश्यता या डब्यापाशी एकत्र येतात.

पॅड संडासात टाकलं की काय होतं, तेही नीट समजून घ्या. गावातल्या शौचालयाचं भांडं मुद्दाम खोल उताराचं असतं आणि त्याखालच्या वाकड्या नळीत जेमतेम 20 मिलिमीटर पाणी अडून राहतं. त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं, दुष्काळी भागासाठी हीच रचना योग्य. पण फुगलेलं पॅड त्या नळीतून पुढे सरकत नाही. पुढे गेलंच, तर दोन खड्ड्यांना जोडणाऱ्या चौकोनी टाकीत अडकतं किंवा खड्ड्यात पडतं. खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत माती होतो, प्लास्टिकचं पॅड होत नाही. मग खड्डा लवकर भरतो आणि कुणीतरी आत हात घालून ते ओढून काढतं. पाणी टाकलं की भांड्यात वर चढतं आणि हळूहळू उतरतं, हे तुंबण्याचं पहिलं लक्षण. तेव्हाच टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर काम थोडक्यात भागतं.

शाळेत मात्र असं पाहत नाहीत. शाळेत कुलूप लावतात. डबा नाही म्हणून पॅड भांड्यात, भांडं तुंबलं म्हणून दाराला कुलूप, कुलूप म्हणून मुलगी चार दिवस घरी. हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ लिहिलं जातं. आणि जिथे कुलूप नसतं तिथे काय घडू शकतं, ते जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला दिसलं. शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले, म्हणून कोणाला पाळी आली आहे ते शोधायला मुलींचे कपडे उतरवले गेले. मुख्याध्यापिकेला अटक झाली. डाग धुवायला तिथे बादली होती का आणि पॅड टाकायला डबा होता का, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. शिकलेल्या माणसांनी त्याऐवजी गुन्हेगार शोधला.

पाणी नाही, पैसा नाही, या सबबी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. म्हणून हिशेबच मांडतो. आठवी ते दहावीच्या 80 मुली धरा. प्रत्येकीच्या पाळीचे साधारण तीन दिवस शाळेत जातात आणि दिवसातून एकदा तिथे पॅड बदलावं लागतं. महिन्याला 240 पॅड झाली, म्हणजे शाळेच्या दिवसाला दहा. बदलताना भांड्यात ओतायला, डाग धुवायला आणि हात धुवायला मिळून तीन लिटर पाणी लागतं. दिवसाला 30 लिटर. लघवीच्या वापराचं पाणी वेगळं, पण पाळीपुरतं दोनशे लिटरचं एक पिंप आठवडाभर पुरतं. नळ नसेल तर पिंपावर झाकण, तळाशी तोटी आणि दोरीला बांधलेला साबण एवढं पुरे. लग्नाच्या मांडवासाठी टँकर मागवणाऱ्या गावाला एक पिंप जड आहे का?

संडासाच्या आत, दाराची कडी लावल्यावर हात पोचेल अशा जागी बारा लिटरचा झाकणाचा डबा ठेवायचा. बाहेर ठेवला तर कुणीही मुलगी पुडी हातात घेऊन वऱ्हांड्यातून चालणार नाही. दिवसाच्या दहा पुड्यांनी तो दोन दिवसांत भरतो, म्हणून एक दिवसाआड रिकामा करायचा, हातमोजे घालून आणि चिमट्याने. हे काम आळीपाळीने मुलींना देऊ नका, आणि विशिष्ट वस्तीतल्या मुलीला तर कधीच नको. त्यासाठी माणूस नेमा आणि त्याचे पैसे द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेला समग्र शिक्षातून संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. 101 ते 250 पटाला निकष 50,000 रुपयांचा आहे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा आहे. पाच हजारांत पिंप, डबे, साबण आणि हातमोजे बसतात. संस्थाचालकांच्या खाजगी अनुदानित शाळांना हे मिळत नाही, पण गॅदरिंगचा खर्च त्यांना जमतोच.

अनेक ठिकाणी भिंतीवर पॅड जाळायचं छोटं यंत्र बसवून फोटो काढतात. प्लास्टिक धड जाळायला 800 अंशांच्या वर उष्णता आणि धूर पुन्हा जाळणारी दुसरी भट्टी लागते. वीज येत-जात असलेल्या शाळेतल्या छोट्या यंत्राकडून ते होत नाही. काळा धूर, जळक्या प्लास्टिकचा वास आणि ट्रेमध्ये चिकट गोळे दिसले, तर ते पॅड जळलेलं नाही, त्याचं विष वर्गात पसरलं आहे. उघड्यावर काडी लावणं त्याहून वाईट.

मग वाशीच्या घंटागाडीच्या पलीकडच्या गावात काय करायचं? खोल खड्डा. मीटर लांब, मीटर रुंद, दोन मीटर खोल. वस्तीपासून आणि विहीर-बोअरपासून दूर, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा उंच जागी, वर जाळीचं कुलूपबंद झाकण. कुत्र्यांनी उकरलं तर सगळं व्यर्थ. प्रत्येक वेळी टाकलेल्यावर चुना आणि मातीचा थर द्यायचा, खड्डा अर्धा भरला की वर चुना आणि माती दाबून बंद करायचा. वर सांगितलेल्या 80 मुलींच्या शाळेला मातीच्या थरांमुळे वर्षाला असा एक खड्डा पुरणार नाही, एकाहून जास्त लागतील. तळाखाली सहा मीटरपर्यंत भूजल नको, आणि ते तपासायचं आश्विनात, विहिरी भरलेल्या असताना. मे महिन्यातली कोरडी विहीर पाहून ठरवलेली जागा फसवते. मीटरभरावर काळा दगड लागला तर हा उपाय तिथे नाही. तिथे पुड्या साठवून आठवड्यातून एकदा नगरपंचायतीच्या गाडीपर्यंत न्याव्या लागतील. प्लास्टिकचं पॅड या खड्ड्यातही कुजत नाही, फक्त माणसांपासून आणि पाण्यापासून दूर राहतं. सुती घडी मात्र कुजते. ती वापरणाऱ्यांनी आधी गार पाण्यात रक्त काढावं, मग साबण लावावा आणि उघड्या उन्हात वाळवावी, दुसऱ्या कपड्याखाली झाकून नव्हे. घडी धुवायला पुरेसं पाणी नसेल त्या बाईला सिलिकॉनचा कप सोयीचा, तो अनेक वर्षं टिकतो आणि कचरा करत नाही. केरळातल्या कुंबलंगी ग्रामपंचायतीने 2022 मध्ये हाच मार्ग धरला. लग्नाआधी कप वापरला तर मुलगी ‘कुमारी राहत नाही’ ही आपल्याकडची समजूत खोटी आहे.

आणि ज्यांना शाळाही नाही, संडासही नाही, त्या बायका दिवाळीच्या सुमाराला या भागातून ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला जातात. कोपीला आडोसा नसतो. पाळीसाठी एक दिवस थांबलं तर मुकादम खाडा लावतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात हजारो ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेली. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने त्याची चौकशी केली, तेव्हा खाड्याची ही पद्धत साऱ्या महाराष्ट्रासमोर आली. पाळी पाळायला जागा दिली नाही म्हणून आपण पाळीच कापून टाकू दिली. या बायकांनी वापरलेलं पॅड फडात टाकलं तर ते पाचटाबरोबर जळतं, पाटात टाकलं तर टोळीच्याच पिण्याच्या पाण्यात येतं. दर टोळीमागे फळ्यांचा एक आडोसा, एक झाकणाचा डबा, पाटापासून दूर एक खड्डा, एवढं कारखान्याने द्यायलाच हवं. उचलीचा करार होतो तेव्हाच ते मुकादमाकडून लिहून घ्या.

गावांसाठीही पैसा नव्हता असं नाही. 2021 ते 2026 या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला साठ टक्के भाग बंधित होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे त्याचा हिशेब मागा: त्यातून खड्डा झाला का, डबे झाले का, पुड्या उचलणाऱ्या माणसाचे हातमोजे झाले का? हा प्रश्न पुरुषांनी विचारावा, ग्रामसभेत, उभं राहून, ‘पाळी’ हा शब्द तोंडाने उच्चारून.