काचेवरची शिल्लक

मोटारीच्या पुढील काचेवर फवारायच्या पाण्याची टाकी बॉनेटखाली असते. तीत काय भरावे, याचा निर्णय पुष्कळ घरी ‘नळाचे पाणी आणि चमचाभर कपडे धुण्याची पावडर’ असा होतो. खर्च नगण्य आणि मळही निघतो. मग बाटली विकत का घ्यावी? याचे उत्तर काच ओली असताना मिळत नाही. पाणी उडून गेल्यावर मागे काय शिल्लक राहते, ते पाहावे लागते.

एका टाकीचा हिशेब मांडून पाहावा. टाकी 2 लिटरची धरू. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातील मान्य मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. असे पाणी भरल्यास टाकीमागे 1 ग्रॅम क्षार होतात. बोअरच्या पाण्यात ते पुष्कळदा याहून अधिक असतात. त्यात सुमारे 5 ग्रॅम पावडर. पाण्याची वाफ होते, पण हे 6 ग्रॅम काच, बॉनेट आणि छतावर विखरून वाळतात.

पावडरीत धुण्याचा सोडा असतो. टाकीतले द्रावण सौम्य असले, तरी उन्हात आटणारा प्रत्येक थेंब तीव्र होत जातो. तो रंगावरील मेणाचा थर उतरवतो आणि पांढरे डाग ठेवतो. वायपरचे रबर साबणाने विरघळत नाही. पण वाळलेले कण त्याच्या धारेखाली घासले जाऊन धार झिजते. काच चकाकावी म्हणून रॉकेल मिसळणे तर अधिक घातक, कारण त्याने रबर फुगते व मऊ पडते. खरा धोका रात्री उमगतो. काचेवरच्या पुसट थरावर समोरील वाहनाचा प्रकाश पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

बाटलीतील द्रवही डोळे झाकून वापरू नये. संहत द्रव लेबलावरील प्रमाणातच मिसळावा; जास्त घातल्यास त्याचेही ओघळ उमटतात. तो बोअरच्या पाण्यात मिसळला, तर क्षार तसेच राहतात. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर यासाठी उत्तम. घरीच मिश्रण करायचे असेल, तर 2 लिटर डिस्टिल्ड पाण्यात मोटार धुण्याच्या सौम्य शाम्पूचे काही थेंब पुरेत.

मिश्रण कोणतेही असो, त्याचा एक चमचा स्वच्छ काचेच्या बशीत उन्हात वाळवावा. पांढरे वलय किंवा चिकट थर उरला, तर ते टाकीत घालू नये.

आधीच दोष दिसत असेल, तर काच आणि रबराची धार ओल्या फडक्याने पुसून वायपर चालवावा. धूसरपणा गेला, तर दोष थराचा होता. एकाच जागी रेघ राहिली, तर धार तुटली आहे; रबर बदलावे. जुने मिश्रण संपवताना पंप कोरडा फिरवू नये; टाकीत वरचेवर स्वच्छ पाणी घालत ते काढून टाकावे.